तीस फ्रेमची पेनल्टी

पेनल्टीच्या खुणेपासून गोलरेषेपर्यंतचं अंतर ११ मीटर. सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू ते जेमतेम अर्ध्या सेकंदात कापतो. अनेक फोन सेकंदाला ६० चित्रं दाखवतात. त्यामुळे पाय चेंडूला लागल्यापासून जाळी हलेपर्यंतचा सगळा खेळ तीसेक चित्रांत, म्हणजे तीसेक फ्रेममध्ये आटोपतो. फोनवर फुटबॉलचा साधा खेळ तयार करायचा असेल, तर बावीस खेळाडू आणि अख्खं मैदान बाजूला ठेवून आधी या तीस फ्रेम नीट जमवाव्यात, असं माझं ठाम मत आहे. त्यांत दोनच पात्रं आहेत, चेंडू आणि गोलकीपर. चेंडूला आकडेमोड लागते आणि ती पुस्तकात सापडते. कीपरच्या बाबतीत मात्र त्याला काय माहीत असू द्यायचं आणि काय नाही, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. खेळाची गोडी बहुतेक त्या निर्णयात असते.

आधी चेंडूकडे पाहू. नियमाप्रमाणे त्याचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं. म्हणजे व्यास सुमारे २२ सेंटीमीटर आणि वजन अर्ध्या किलोपेक्षा थोडं कमी. हवेत गेल्यावर त्याच्यावर तीन गोष्टींचा परिणाम होतो. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं, हवा त्याला अडवते, आणि तो स्वतःभोवती फिरत असेल तर हवा त्याला बाजूला ढकलते.

गुरुत्वाकर्षणाचा हिशेब शाळेतलाच आहे. दर सेकंदाला खाली येण्याचा वेग ९.८ मीटरने वाढतो. अर्ध्या सेकंदात त्याने काय फरक पडणार, असं वाटेल, पण फरक बराच पडतो. चेंडू ०.४९ सेकंद हवेत असेल, तर सरळ रेषेच्या मानाने तो सुमारे १.१८ मीटर खाली येतो. गोलची उंची आहे २.४४ मीटर, म्हणजे हा जवळजवळ अर्धा गोल झाला. कमरेच्या उंचीवर, जमिनीपासून एक मीटरवर चेंडू न्यायचा असेल, तर पाय मारताना त्याची दिशा गोलरेषेवर साधारण २.२ मीटर उंचीकडे असावी लागते. अनेक घरगुती खेळांत चेंडू दोरीवरून ओढल्यासारखा सरळ जातो, तो हा उतार सोडून दिल्यामुळे. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण हा चेंडू नाही एवढं त्याच्या डोळ्याला कळतं.

हवेचा विरोध पुष्कळ जण गाळतात, कारण ११ मीटरमध्ये त्याचा काय प्रभाव पडणार असा विचार असतो. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. फुटबॉलच्या आकारासाठी आणि वजनासाठी हिशेब मांडला, तर सेकंदाला २५ मीटर वेगाच्या चेंडूला हवा सेकंदामागे आठ मीटरहून थोडा जास्त वेग कमी करण्याइतक्या जोराने मागे खेचते. म्हणजे हा रेटा गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास जातो. २५ ने निघालेला चेंडू गोलपाशी पोचतो तेव्हा त्याचा वेग २१ ते २२ च्या आसपास उरलेला असतो. कोडमध्ये यासाठी एकच आकडा लागतो. वेग गुणिले वेग गुणिले ०.०१३, एवढी गती दर सेकंदाला वेगाच्या उलट दिशेने वजा करायची. खऱ्या चेंडूचा हा आकडा वेगाप्रमाणे आणि शिवणीप्रमाणे बदलतो. २०१० च्या विश्वचषकातला जाबुलानी चेंडू हवेत डगमगतो अशी तक्रार कीपरांनी केली होती, तिचं मूळ याच बदलात होतं. पण फोनवरच्या पेनल्टीसाठी एक ठरलेला आकडा पुरतो. तिथे जास्त बारकाईत शिरू नये.

तिसरी गोष्ट फिरकीची. चेंडू फिरत असला की त्याच्यामागची हवा एका बाजूला वळते आणि चेंडू तिच्या उलट बाजूला ढकलला जातो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. ३ जून १९९७ रोजी लिऑनमध्ये फ्रान्सविरुद्ध ब्राझीलच्या रॉबर्टो कार्लोसने सुमारे ३५ मीटरवरून मारलेली फ्री किक हे त्याचं जगभर पाहिलेलं उदाहरण आहे. चेंडू भिंतीच्या बराच बाहेरून गेला आणि शेवटी आत वळून खांबाला लागून जाळ्यात शिरला. कीपर फॅबियन बार्थेझ जागचा हललाही नाही. आपल्या खेळात बोट पडद्यावर वाकडं फिरवलं की चेंडूला फिरकी द्यायची. फिरकीमुळे बाजूला मिळणारी गती सेकंदाला सेकंदामागे ६ मीटर धरली, तर पेनल्टीच्या अर्ध्या सेकंदात चेंडू साधारण ७० सेंटीमीटर वळतो. २५ मीटरवरच्या फ्री किकला मात्र सव्वा सेकंदाच्या जवळपास वेळ मिळतो आणि तोच वळसा चार मीटरच्या पुढे जातो. वळसा वेळेच्या वर्गाने वाढत असल्यामुळे कार्लोसला ते ३५ मीटर हवेच होते. पेनल्टीत कोणी एवढा वळसा दाखवला तर ती गंमत ठरेल, खेळ राहणार नाही.

आता हे सगळं फोनला कसं सांगायचं? फोनला सलग वाटचाल कळत नाही. वेळेचा छोटा तुकडा घ्यायचा, त्या तुकड्यात वेग किती बदलला ते काढायचं, मग जागा किती बदलली ते काढायचं, आणि पुढचा तुकडा घ्यायचा, असं चालतं. नवशिक्याचा पहिला अपघात इथेच होतो. तो प्रत्येक फ्रेमला एक तुकडा धरतो. फोन गरम झाला, मागे दुसरं काही चालू झालं, की फ्रेम कधी ६० व्या भागात येते, कधी ३० व्या. तुकडा लहानमोठा झाला की उत्तरही बदलतं. बोट तेच, जोर तोच, तरी महागड्या फोनवर गोल आणि स्वस्त फोनवर क्रॉसबार. यावर उपाय असा की चेंडूचं घड्याळ पडद्याच्या घड्याळापासून वेगळं ठेवायचं आणि चेंडूचा तुकडा नेहमी ठरलेला घ्यायचा. मी सेकंदाचा २४० वा भाग घेतो:

```
STEP = 1/240
acc += min(frameTime, 0.1)
while acc >= STEP:
    old = pos
    a = gravity - K * length(vel) * vel + M * cross(spin, vel)
    vel += a * STEP
    pos += vel * STEP
    checkHit(old, pos)
    acc -= STEP
```

फ्रेमला जेवढा वेळ लागला तो `acc` मध्ये साठतो आणि त्यातून ठरलेल्या आकाराचे जेवढे तुकडे निघतील तेवढे काढले जातात. आधी वेग बदलायचा, मग नव्या वेगाने जागा बदलायची, हा क्रम मोडू नये. या पद्धतीतही थोडी चूक राहते. ०.४९ सेकंदाच्या उड्डाणात २४० व्या भागाने उंचीत एक सेंटीमीटरचा फरक पडतो, ३० व्या भागाने तो आठ सेंटीमीटरपर्यंत जातो. एक सेंटीमीटर कुणाला दिसत नाही. आठ सेंटीमीटरमध्ये क्रॉसबारवर आदळायचा चेंडू खालून आत जातो. दुसऱ्या ओळीतली `0.1` ही मर्यादा फोन आला किंवा खेळ मध्येच थांबला तर उपयोगी पडते. तिच्याविना परत आल्यावर साठलेल्या काही सेकंदांचे शेकडो तुकडे एकदम सुटतात आणि चेंडू नजरेसमोरून नाहीसा होतो.

त्या कोडमध्ये `old` आणि `pos` दोन्ही तपासायला दिले आहेत, त्यालाही कारण आहे. सेकंदाला २५ मीटर वेगाचा चेंडू ६० व्या भागात ४२ सेंटीमीटर पुढे जातो. चेंडूचा व्यास २२ सेंटीमीटर, गोलचा खांब जास्तीत जास्त १२ सेंटीमीटर जाड, कीपरचा पंजा त्याहून पातळ. एका फ्रेमला चेंडू पंज्याच्या अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे, आणि मधल्या काळात तो पंज्याला लागला हे कुणी पाहिलंच नाही. हाताच्या आरपार गेलेला गोल हा या प्रकारच्या खेळांतला सर्वांत चीड आणणारा दोष आहे. आधीच्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रेघ ओढायची आणि ती रेघ चेंडूच्या त्रिज्येइतक्या जाडीने कशाला शिवते का ते पाहायचं. २४० व्या भागात चेंडू दहाच सेंटीमीटर सरकतो, त्यामुळे खांब सुटत नाही; पण रेघेची तपासणी तरीही ठेवावी, कारण पंजा स्वतःही वेगाने सरकत असतो.

उसळीबद्दल थोडक्यात सांगतो. गवतावर दोन मीटरवरून सोडलेला चेंडू साधारण ७० सेंटीमीटर वर येतो. यातून उसळीचा गुणक ०.६ निघतो, म्हणजे जमिनीवर आदळताना जो वेग होता त्याच्या ०.६ पट वेगाने तो वर जातो. खांबाला हा गुणक जास्त लागतो, ०.८ च्या आसपास, म्हणूनच खांबावर लागलेला चेंडू इतक्या दूर येतो. मैदान ओलं असेल तर जमिनीचा गुणक कमी करावा, उन्हाळ्यात तापून कडक झालेल्या मैदानाला वाढवावा. कोल्हापुरात किंवा मडगावात दोन्ही ऋतूंत खेळलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. उसळीचा वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या खाली गेला की तो सरळ शून्य करायचा. नाही तर जमिनीवर थांबलेला चेंडू शेवटपर्यंत थरथरत राहतो.

चेंडू बरोबर झाला का, हे ओळखायला गोलची गरज नाही. हवेचा विरोध आणि फिरकी शून्य करून चेंडू दोन मीटरवरून सोडा. तो ०.६४ सेकंदात जमिनीला लागला पाहिजे आणि गुणक ०.६ असेल तर ७२ सेंटीमीटर वर आला पाहिजे. मग एकच किक ३० फ्रेमला आणि ६० फ्रेमला चालवा आणि चेंडू गोलरेषेवर कुठे पोचला ते लिहून घ्या. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत, तर पुढे जाऊ नका.

आता कीपर. एक ठरावीक किक घेऊ आणि तिच्यावर तीन वेगवेगळे कीपर उभे करून पाहू. वेग सेकंदाला २५ मीटर, रोख गोलच्या मध्यापासून उजवीकडे ३ मीटरवर, उंची एक मीटर. गोलची रुंदी ७.३२ मीटर असल्याने खांब मध्यापासून ३.६६ मीटरवर आहे, म्हणजे हा चेंडू खांबाच्या बराच आत आहे. तिरपं अंतर ११.४ मीटर, हवेत वेळ ०.४९ सेकंद.

पहिला कीपर सर्वज्ञ आहे. बोट उचललं त्या क्षणी चेंडूचा वेग आणि दिशा कोडला माहीत असतात. तो कुठे पोचेल ते काढायचं आणि कीपरला तिकडे पाठवायचं, हे दोन ओळींचं काम आहे, म्हणून पहिल्या प्रयत्नात सगळेच हे करतात. हा कीपर प्रत्येक चेंडू अडवतो. मग लिहिणारा घाबरून त्याच्या हातात फासा देतो: शंभरात तीस वेळा अडव, बाकी वेळा सोड. आता कीपर चेंडूच्या बरोबर रेषेत असूनही हात मागे घेतो, किंवा चेंडू मध्यावर येत असताना उगाच डावीकडे झेपावतो. खेळणाऱ्याला लगेच कळतं की त्याच्या नेमाला काही किंमत नाही, निकाल आधीच ठरलेला आहे. फाशावर चालणारा कीपर मला कधीच मान्य झालेला नाही, कारण त्यात खेळणाऱ्याचं कसबच फुकट जातं.

दुसरा कीपर प्रामाणिक आहे, तो पाहतो आणि मग हलतो. माणसाला डोळ्याने पाहून अंग हलवायला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे आपल्या तीस फ्रेमपैकी बारा फ्रेम तो फक्त उभा आहे. उरल्या ०.२९ सेकंदात तो झेप घेतो. खेळासाठी मी झेपेत हाताचा सरासरी वेग सेकंदाला ४ मीटर धरतो आणि उभ्या जागी बाजूला हात पोचण्याचं अंतर ०.९ मीटर. चेंडूची त्रिज्या ०.११ मीटर मिळवली, तर तो मध्यापासून जेमतेम २.१७ मीटरपर्यंत चेंडूला हात लावू शकतो. आपला चेंडू ३ मीटरवर आहे, म्हणजे गोल. अडवायला त्याला ०.२ सेकंद आधीच निघायला हवं होतं. हा कीपर मुळीच खोटा नाही, पण काही मिनिटांत खेळणाऱ्याला गुपित सापडतं की अडीच मीटरच्या पलीकडे मारलं की गोल होतोच. त्यानंतर तो फोन ठेवून देतो.

खऱ्या मैदानावरही हाच पेच आहे आणि तिथल्या कीपरांनी त्यावर काढलेला मार्गच आपण उचलायचा. चेंडू पाहून निघालं तर उशीर होतो, म्हणून ते किकच्या आधी किंवा किकबरोबर बाजू निवडतात. २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे किक होताना कीपरचा किमान एका पायाचा काही भाग गोलरेषेवर असावा लागतो. त्यामुळे तो पुढे धावून येऊ शकत नाही, पण बाजूला झुकायला कुणी अडवलेलं नाही. स्पेनचे अर्थशास्त्रज्ञ इग्नासिओ पालासिओस-वेर्ता यांनी २००३ मध्ये १,४१७ पेनल्टींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या आकड्यांत कीपर चुकीच्या बाजूला गेला तर शंभरात ९३ ते ९५ गोल होतात. तो बरोबर बाजूला गेला तरी ५८ ते ७० गोल होतातच. खेळ तयार करणाऱ्याला हे आकडे फार उपयोगाचे आहेत. बरोबर अंदाज म्हणजे नक्की बचाव नव्हे, हे त्यांतून स्पष्ट दिसतं.

म्हणून आपला तिसरा कीपर अंदाज बांधणारा आहे. त्याचं काम दोन टप्प्यांत चालतं. पहिला टप्पा किकच्या आधीचा. खेळणाऱ्याने बोट टेकवलं त्याच क्षणी कीपर डावी, उजवी किंवा मध्य यांपैकी एक निवडतो. बोट कुठे जाणार हे त्या वेळी कोडलाही माहीत नसतं आणि तसंच असायला हवं. निवड बोट उचलल्यावर केली, तर लिहिणाऱ्याच्या नकळत चेंडूची दिशा त्या निवडीत डोकावते आणि आपण पुन्हा सर्वज्ञ कीपरपाशी येतो. निवडलेल्या बाजूला तो किकच्या ०.१ सेकंद आधी झुकू लागतो. बोट पडद्यावर ओढायला लागणाऱ्या वेळेतच हे बसतं, आणि खेळाडूचा धावत येण्याचा छोटा देखावा ठेवला तर आणखी सोपं होतं.

दुसरा टप्पा किकनंतरचा. या टप्प्यात तो चेंडू पाहतो, पण बारा फ्रेमपूर्वीचा. चेंडूच्या जागा एका रांगेत साठवायच्या आणि कीपरला नेहमी ०.२ सेकंद जुनी जागा द्यायची, एवढंच त्यासाठी करावं लागतं. त्या जुन्या जागांवरून तो सरळ रेषेत पुढचा अंदाज काढतो आणि हाताची उंची तेवढी बदलतो. अंगाची दिशा त्याला बदलता येत नाही. उजवीकडे सुटलेलं अंग हवेत डावीकडे वळत नाही.

आपली किक याच्यासमोर ठेवू. त्याने उजवी बाजू निवडली असेल, तर त्याला ०.१ अधिक ०.४९ म्हणजे ०.५९ सेकंद मिळतात. चार मीटरच्या वेगाने २.३६ मीटर, त्यात हाताचा पल्ला आणि चेंडूची त्रिज्या मिळवून ३.३७ मीटर. ३ मीटरवरचा चेंडू त्याच्या टप्प्यात येतो, हाताची उंचीही जुळली तर बचाव. खेळणाऱ्याने तोच चेंडू ३.४५ मीटरवर, खांबाला घासून मारला असता तर बरोबर अंदाज करूनही कीपर काही सेंटीमीटरनी चुकला असता. आणि वेग ३० केला असता, तर वेळ ०.४१ सेकंदावर येतो आणि कीपरचा पल्ला साधारण ३.०५ मीटरवर आकसतो. खेळणाऱ्याला आता खरे पर्याय मिळाले: खांबाजवळ मारून बाहेर जाण्याचा धोका पत्करायचा, की जोरात मारायचं. जोराला किंमत हवी, म्हणून स्वाइप जितका वेगवान तितकी दिशेत थोडी अनिश्चितता मिसळावी. खऱ्या पायालाही ती चुकत नाही.

फिरकीचा खरा उपयोगही आता समोर येतो. कीपर सरळ रेषेत अंदाज बांधतो आणि चेंडू वळतो, त्यामुळे त्याचा अंदाज आपोआप चुकतो. तो फसावा यासाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही. कॅथी क्रेग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना वळणाऱ्या फ्री किक दाखवून त्या कुठे जातील हे विचारलं, तेव्हा अनुभवी डोळ्यांचेही अंदाज वळणाने चुकले. फिरकीने येणारा वळसा ओळखायला आपली नजर तयारच झालेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या कीपरमधला हा दोष म्हणूनच जपून ठेवण्यासारखा आहे.

मध्यावर उभं राहण्याचा प्रश्न मोठा रंजक आहे. इस्रायलच्या मायकेल बार-एली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वरच्या दर्जाच्या सामन्यांतल्या २८६ पेनल्टी तपासल्या. त्यांतले सुमारे २९ टक्के चेंडू मध्यभागी आले होते, पण कीपर मध्यावर थांबले फक्त ६ टक्के वेळा. जे थांबले त्यांनी तिसरा हिस्सा चेंडू अडवले. झेपावणाऱ्यांचं प्रमाण १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास होतं. अभ्यासकांच्या मते उभं राहून गोल खाल्ला तर आपण काहीच केलं नाही असं दिसतं, ते कीपरला झेप घेऊन हरण्यापेक्षा जास्त बोचतं. मारणारे याचा फायदा पूर्वीपासून घेत आले आहेत. २० जून १९७६ रोजी बेलग्रेडमध्ये युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाच्या अँतोनिन पानेंकाने शेवटची पेनल्टी हळुवार उचलून मध्यावर टाकली, तेव्हा पश्चिम जर्मनीचा सेप मायर आधीच डावीकडे झेपावला होता. फोनमधल्या कीपरला मी मध्यावर थांबण्याची शक्यता शंभरात पंधराच्या आसपास देतो, म्हणजे खऱ्यापेक्षा जास्त. सहावर ठेवली तर प्रत्येक जण पानेंका होतो आणि खेळ तिथेच संपतो.

डावी-उजवीचं प्रमाण मात्र सुरुवातीला सारखं ठेवून पुढे कीपरला आठवण द्यावी. खेळणाऱ्याच्या अलीकडच्या दहा किक लक्षात ठेवायच्या. दहापैकी सात उजवीकडे गेल्या असतील, तर कीपरचा कल उजवीकडे थोडा वाढवायचा. थोडाच, म्हणजे साठ टक्क्यांपर्यंत, पूर्ण सत्तर नाही. खेळणाऱ्याला काही वेळाने जाणवतं की कीपर आपल्याला ओळखू लागलाय. मग तो बाजू बदलतो आणि कीपरही हळूहळू बदलतो. पालासिओस-वेर्तांच्या आकड्यांतले निष्णात खेळाडू हेच करत होते. त्यांची बाजू आधीच्या किकवरून ओळखता येत नव्हती आणि कोणतीही बाजू निवडली तरी यशाचं प्रमाण जवळपास सारखं राहत होतं.

कीपरच्या शरीराबद्दल एकच गोष्ट महत्त्वाची. त्याला एक चौकोन मानू नका. हात, धड आणि पाय असे तीन गोलाकार तुकडे करा. झेप घेतल्यावर मध्यावर आलेला चेंडू मागे राहिलेल्या पायाला लागतो, हे मैदानावर नेहमी घडतं आणि फोनवर घडलं की लोक आनंदाने ओरडतात. चेंडू हाताला लागला म्हणजे तो पकडला असंही समजू नये. सेकंदाला २० मीटरपेक्षा जास्त वेगाचा चेंडू झेपेत सहसा पकडता येत नाही, तो फक्त वळवता येतो. तेव्हा उसळीचा गुणक ०.४ घ्या, हाताच्या स्वतःच्या वेगाचा काही भाग त्यात मिसळा आणि चेंडू जिकडे जाईल तिकडे जाऊ द्या. कधी तो बोटांना लागून खांबावर आदळेल, तिथून आत जाईल. तो गोल लिहिणाऱ्याने ठरवलेला नसतो, आणि खेळणाऱ्याला तो म्हणूनच पटतो.

सोपा, मध्यम आणि कठीण असे स्तर करताना बहुतेक जण कठीण कीपरचा वेग वाढवतात. झेप सेकंदाला सात मीटरने झाली की कीपर माणूस वाटत नाही, आणि खेळणाऱ्याला आपण फसवले गेलो असं वाटतं. वेगाला हात लावू नका. सोप्या स्तरावर पाहण्यातला उशीर ०.३० सेकंद ठेवा, कठीण स्तरावर ०.१८, त्याखाली जाऊ नका. झुकण्याची वेळ सोप्या स्तरावर इतकी आधी ठेवा की लक्ष देणाऱ्याला ती दिसेल आणि तो उलट बाजूला मारू शकेल. कठीण स्तरावर ती किकच्या अगदी जवळ आणा. आठवण सोप्या स्तरावर बंद, कठीण स्तरावर वीस किकची. तिन्ही स्तरांवर अंग आणि हात तेच राहतात, फरक फक्त त्याला काय आणि कधी कळतं एवढाच पडतो.

शेवटी तपासणी. व्यावसायिक फुटबॉलमध्ये साधारण चारपैकी तीन पेनल्टी गोल होतात. आपला खेळ काही ओळखीच्यांच्या हातात द्या आणि प्रत्येक किकचे पाच आकडे साठवा: वेग, गोलरेषेवरची जागा, उंची, कीपरने निवडलेली बाजू आणि निकाल. काही शे किक झाल्यावर गोलच्या चित्रावर ठिपके मांडा. खांबांजवळ आणि वरच्या कोपऱ्यांत गोल दाट दिसले, मध्यावर थोडे गोल आणि थोडे बचाव मिसळलेले दिसले, आणि एकूण गोल शंभरात सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान आले, तर कीपर जमला. एखाद्या भागातून प्रत्येक चेंडू आत जात असेल, तर आधी झुकण्याची वेळ तपासा. गोल फारच कमी होत असतील, तर निवड बोट उचलण्याआधी होते आहे ना, याची कोडमध्ये खात्री करा. माझ्या पाहण्यात तरी बिघाड बहुतेक वेळा तिथेच निघतो.